ऊसतोड, ऊन आणि किडनी : आढाव्यासाठी याला ‘गॅप’ म्हणायचं का?

मांजराकाठ
नमस्कार मंडळी. मी एम.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, विषय कम्युनिटी हेल्थ, गाव केज तालुक्यातलं. दिवाळीनंतर लिटरेचर रिव्ह्यू जमा करायचाय. प्रबंधातलं दुसरं प्रकरण नाही, स्वतंत्र पेपरच. सर्व्हे करायचा नाही, झालेल्या अभ्यासांचा आढावा घ्यायचा.

आधी मी ऊसतोड महिला आणि गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया हा विषय नेला होता. मॅडम म्हणाल्या, २०१९ ला सरकारी समितीची पाहणी झाली, ८२ हजार महिलांत १३ हजारांवर शस्त्रक्रिया निघाल्या, तेव्हापासून जो तो त्यावरच लिहितोय. तू त्यात नवीन काय सांगणार? गॅप शोधून आण.

म्हणून दुसरं डोक्यात आलं. उन्हात काम, पाणी कमी, मग किडनीचं काय? पबमेडवर `sugarcane kidney Beed` असं टाकलं, हाती काहीच लागलं नाही. ही गॅप झाली का? मॅडमकडे जायच्या आधी इथं विचारते.

संशोधक_लातूर
झाली की! याला भौगोलिक गॅप म्हणतात. दुसऱ्या देशात काम झालंय, मराठवाड्यात नाही, एवढं एक वाक्य सिनॉप्सिसमध्ये टाका. आमच्या बॅचला निम्म्या जणांचे विषय असेच मंजूर झाले. जिल्ह्याचं नाव बदललं की विषय नवा.

जुना_वाचक
ताई, जरा थांबा. निकाल शून्य आले म्हणून गॅप होत नाही, आणि आढाव्यासाठी तर मुळीच नाही.

तुम्ही टोळीवर जाऊन रक्ताचे नमुने घेणार असता, तर ‘बीडमध्ये कुणी मोजलेलं नाही’ हे चालून गेलं असतं. तिथंही परीक्षक विचारतोच, की बीडमध्ये वेगळं काही निघेल असं तुम्हाला का वाटतं. पण तुम्हाला आढावा लिहायचाय. पेपरच नसतील तर लिहिणार कशाचा?

आढाव्याची गॅप वेगळ्या ठिकाणी सापडते. पेपर भरपूर असतात, पण एखादा प्रश्न हातात धरून ते कुणी शेजारीशेजारी ठेवून वाचलेले नसतात. किंवा कुणी वाचले होते, पण त्याला सात-आठ वर्षं झाली आणि मधे बरंच नवं आलं. किंवा दोन पेपर एकमेकांविरुद्ध बोलतात आणि असं का, हे कुणी उलगडलेलं नसतं. म्हणून आधी पेपर शोधू नका, आधी आढावे शोधा. तुमची गॅप आढाव्यांच्या यादीत असायला हवी.

तुमच्या विषयावर पेपर नाहीत असंही नाही, तुमचा शोध अरुंद होता. २००२ साली एल साल्व्हाडोरमधल्या डॉक्टरांनी लिहिलं, की मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तरी तरुण शेतमजुरांच्या किडन्या निकामी होऊन येताहेत. पुढे निकाराग्वात, ग्वाटेमालात ऊसतोड कामगारांवर अभ्यासांची रांग लागली. श्रीलंकेत भातशेतीच्या भागात, आपल्याकडे आंध्रातल्या श्रीकाकुलम जिल्ह्यात उद्दानम भागात तसाच आजार दिसला. कारण एकच की अनेक, यावर अजून वाद आहे. उष्णता आणि सततचं निर्जलीकरण हा एक पक्ष, कीटकनाशकं आणि पाण्यातले घटक हा दुसरा.

तेव्हा शोधातून ‘बीड’ काढा आणि असं टाकून बघा:

```
("sugarcane" OR "sugar cane" OR "agricultural workers" OR farmworkers)
AND ("heat stress" OR "heat exposure" OR dehydration)
AND (kidney OR renal OR creatinine OR nephropathy)
```

एका ओळीत माणूस, दुसरीत ऊन, तिसरीत किडनी. ओळीच्या आत एकाच गोष्टीची जेवढी नावं सुचतील तेवढी OR ने जोडायची. यादी आली की शेवटी एवढं वाढवा:

```
AND systematic[sb]
```

आता फक्त आढाव्याच्या जातीचे पेपर उरतील आणि यादी एकदम आटोपशीर होईल. ते सगळे वाचा. प्रत्येकाने शेवटचा शोध कोणत्या महिन्यापर्यंत घेतला, कुणाला आत घेतलं आणि कुणाला वगळलं, एवढंच आधी वहीत उतरवा.

परभणीकर_सर
नमुना निवडीबद्दल सांगतो. ऊसतोड मजुरांची नेमकी संख्या कुणालाच माहीत नसल्यामुळे सॅम्पल ३८४ घ्या. ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के चूक धरली की हाच आकडा येतो. प्रश्नावली मराठीत करा, पायलट ३० जणांवर.

मांजराकाठ
सर, धन्यवाद, पण मला सर्व्हे करायचाच नाहीये. फक्त आढावा.

परभणीकर_सर
मग मार्क कशाला देतील?

बालाघाटचा
मी वडवणीकडचा. आईबाप कैक हंगाम कारखान्याला गेलेले, मीपण लहानपणी कोपीत राहिलेलोय. संशोधनातलं मला काही कळत नाही, पण किडनीचा विषय निघाला म्हणून सांगतो.

बाया पाणी मुद्दाम कमी पितेत. फडात बाईला आडोसा कुठला? गडी कुठंबी बसतो. आई सकाळी अंधारात जाऊन यायची ती थेट दिवस मावळल्यावर. मधे तहान लागली तरी घोटभर. लघवीला जळजळ तर सगळ्याच बायांना, त्याला कुणी दुखणं म्हणतच नाही. पहाटे उठून भाकरी करायच्या, मग तोड, मग मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. गडी तोडतो, बाई बांधती आणि वाहती. कागदावर दोघांचा मिळून एक कोयता.

अजून एक. ताई ऊन ऊन म्हणतेत, पण दसरा-दिवाळीला टोळ्या जातेत, मार्गशीर्ष-पौषात फडात थंडी वाजती. खरं ऊन शिमग्याच्या पुढं. आणि आमच्याकडं बहुतेक हिरवाच ऊस तोडतेत.

जुना_वाचक
दादा, संशोधनातलं कळत नाही म्हणता आणि तीन पेपरांचं काम एका पोस्टीत करून गेलात.

ताई, यांच्या बोलण्यातून तुमच्या तक्त्याचे रकाने तयार झालेत. मध्य अमेरिकेतला हंगामही साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असतो, पण तो पॅसिफिक किनाऱ्याचा सखल भाग आहे, तिथं थंडी नावाला नाही. तिथं तोडीआधी ऊस जाळायची पद्धत आहे, म्हणजे राख आणि धूर आला. आणि तोडणारे बहुतेक पुरुष, एकेकटे, तोडलेल्या वजनावर पैसे घेणारे. आपला कोयता म्हणजे जोडपं. त्यामुळे ‘तिकडे सिद्ध झालंय, इकडेही तसंच असणार’ हे लिहिता येत नाही आणि ‘इकडे तसं नसणार’ हेही नाही.

दहा-पंधरा पेपर घ्या आणि प्रत्येकासाठी एक ओळ भरा. कोणता देश, कोणतं काम, कोणता महिना, उष्णता मोजली का नुसती गृहीत धरली, रक्त कधी घेतलं, स्त्रिया किती, आणि त्यांचे निकाल वेगळे दिलेत का. सारांश लिहीत बसू नका. सारांश लिहिले की प्रत्येक पेपर वेगळाच वाटतो. रकाने भरले की कोणता रकाना रिकामा राहतोय ते डोळ्यांना दिसतं.

संशोधक_लातूर
एवढा खटाटोप कशाला? प्रत्येक पेपरच्या शेवटी मर्यादा आणि ‘पुढील संशोधनाची गरज’ लिहिलेली असते. तिथूनच गॅप उचला, लेखकाचा संदर्भही देता येतो.

जुना_वाचक
तिथं बघायचं जरूर. पण ते वाक्य ज्या वर्षी लिहिलं त्या वर्षाची ती गॅप. २०१५ च्या पेपरात ‘हंगामभर पाठपुरावा हवा’ असेल तर तसा पाठपुरावा नंतर कुणी केला का, हे पाहायला गूगल स्कॉलरवर त्या पेपरखालच्या ‘सायटेड बाय’वर जायचं. तिथं तुमची गॅप बुजलेली दिसण्याची शक्यता दाट असते.

मांजराकाठ
मंडळी, उशीर झाला, मधे वॉर्ड पोस्टिंग होतं. पंधराएक पेपरांचा तक्ता केला. काहींचा पूर्ण मजकूर मिळाला नाही, ते बाजूला ठेवलेत.

स्त्रियांचा रकाना खरंच विचित्र आहे. बऱ्याच ठिकाणी तोडणारे सगळे पुरुषच. स्त्रिया आल्या तर बेणं तोडणे, लागण, खुरपणी अशा कामांत. काही पेपरांत पहिल्या तक्त्यात स्त्री-पुरुषांचे आकडे असतात आणि पुढे सगळीकडे नुसतं ‘कामगार’. काहींनी स्त्रिया थोड्या म्हणून विश्लेषणातून वगळल्या. काही म्हणतात की लिंगानुसार समायोजन केलंय.

पण मला त्याहून चांगली गॅप सापडली असं वाटतंय, दादांच्या पोस्टमुळे. निकाराग्वा आणि एल साल्व्हाडोरमध्ये पाणी, विश्रांती आणि सावली पुरवून किडनीवरचा ताण कमी होतो का, असे प्रयोग झालेत. त्यात स्वच्छतागृहाचा विचारच नाही! बाईला पाणी दिलं तरी ती पिणार नाही, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. हाच विषय घेऊ का?

जुना_वाचक
निरीक्षण फार चांगलं आहे, पण ‘विचारच नाही’ हे वाक्य लिहू नका. तुम्ही बहुतेक सुरुवातीचे पेपर वाचलेत. त्या कार्यक्रमाच्या पुढच्या मांडणीत विश्रांती, सावली, पाणी यांच्या जोडीला स्वच्छतागृहही घेतलेलं आहे. परीक्षकाला एवढं एक माहीत असलं की तुमचा सगळा डोलारा बसला.

प्रश्न संपला असं मात्र नाही, तो बारीक झाला. स्वच्छतागृह दिलं हे एक, आणि त्यामुळे स्त्रियांनी पाणी किती जास्त प्यायलं हे स्त्रियांपुरतं वेगळं मोजलं का, हे दुसरं. ते तपासा. त्यासाठी पेपर पुरेसे मिळतील असं मला वाटत नाही. आढाव्याचा तो एक परिच्छेद होईल, अख्खा विषय होणार नाही.

विषय तुमच्याच पोस्टच्या वरच्या भागात आहे आणि तुम्ही तो ओलांडून पुढे गेलात. ‘लिंगानुसार समायोजन केलं’ म्हणजे स्त्रियांचा निकाल दिला, असं नाही. समायोजन म्हणजे स्त्री-पुरुष फरकाचा परिणाम हिशेबातून बाजूला काढला. उन्हाचा स्त्रियांवर किती परिणाम झाला हे त्यातून कळतच नाही. तुम्ही तीन तऱ्हा सांगितल्यात: आकडा देऊन विसरणारे, वगळणारे, समायोजन करणारे. चौथी तऱ्हा, निकाल वेगळे देणारे, किती आहेत? ते मोजा आणि त्यांनी काय लिहिलंय ते एकत्र मांडा.

लॅबवाली
मी नांदेडला लॅबमध्ये आहे. विषयाच्या बाहेरचं वाटेल, पण क्रिएटिनिनवर बोलायला हवं, नाहीतर तुमचा तक्ता दिशाभूल करेल.

किडनी बिघडली की रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं. बहुतेक अभ्यास ते मोजतात आणि सूत्राने ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती वेगाने गाळते याचा अंदाज, काढतात. सूत्रात वय आणि लिंग दोन्ही असतं. तीस वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.० असेल तर २०२१ च्या सूत्राने त्याचा ईजीएफआर साधारण १०४ येतो. तीस वर्षांच्या बाईचंही १.०च असेल तर तिचा येतो ७८. म्हणून एखाद्या पेपराने ईजीएफआर न काढता सगळ्यांना क्रिएटिनिनची एकच मर्यादा लावली असेल, तर त्यात बायांचा त्रास कमी मोजला जातो.

दुसरी बाजूही आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. अंगावर मांस नसलेल्या, अशक्त बाईचं ते मुळातच कमी असतं, त्यामुळे सूत्र तिची किडनी आहे त्यापेक्षा बरी दाखवतं. गरोदरपणातही ते खाली जातं. बायांचे आकडे चांगले दिसले म्हणून त्यांना धोका नाही, असं लगेच म्हणू नका.

आणि दिवसाच्या कामाआधी-कामानंतर रक्त घेतलेले पेपर आणि हंगामाआधी-हंगामानंतरचे पेपर एका रकान्यात टाकू नका. संध्याकाळी वाढलेलं क्रिएटिनिन रात्रीच्या विश्रांतीने, पाण्याने उतरू शकतं. जुनाट आजार म्हणायला बिघाड निदान तीन महिने टिकलेला लागतो.

मांजराकाठ
ताई, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. माझ्या तक्त्यात दोन पेपर एकमेकांविरुद्ध दिसत होते. आता बघितलं तर एकाने दिवसाचा फरक मोजलाय आणि दुसऱ्याने हंगामाचा. विरोध नव्हताच.

लॅबवाली
असे खोटे विरोध पुष्कळ सापडतील. ते आढाव्यात लिहा, तेही कामच आहे.

संशोधक_लातूर
एक मुद्दा माझाही घ्या. तुम्ही सगळे पबमेडमध्येच फिरताय. आपल्याकडचं ऊसतोडीवरचं लिखाण संस्थांच्या अहवालांत, समाजकार्य आणि अर्थशास्त्राच्या प्रबंधांत आहे. ते पबमेडमध्ये येतच नाही. ‘भारतात काही नाही’ असं लिहाल आणि तुळजापूरच्या टाटा संस्थेत शिकलेला परीक्षक भेटला तर?

जुना_वाचक
बरोबर आहे, हे मी सांगायला हवं होतं. फक्त त्या लिखाणात रक्ततपासणी क्वचित असेल. पाणी, आडोसा, कामाचे तास यांची माहिती मात्र तिथंच मिळेल. शिवाय मध्य अमेरिकेतलं बरंचसं स्पॅनिशमध्ये आणि ब्राझीलमधलं पोर्तुगीजमध्ये आहे. कोणत्या भाषांतलं घेतलं नाही, हे स्पष्ट लिहायचं.

ग्रंथपाल_संभाजीनगर
दोन जागा तपासल्याशिवाय विषय पक्का करू नका.

पहिली शोधगंगा. विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध तिथं असतात, आणि चालू संशोधनाच्या रूपरेषा शोधगंगोत्रीवर. शीर्षकात तुमचे शब्द असतीलच असं नाही, म्हणून ‘माइग्रेंट लेबर’, ‘शुगर फॅक्टरी’ असेही शब्द टाका. मराठी प्रबंधांची शीर्षकं कधी देवनागरीत तर कधी रोमन लिपीत चढवलेली असतात, दोन्ही करून बघा.

दुसरी प्रॉस्पेरो. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाने २०११ पासून चालवलेली ही नोंदवही आहे. जगात कुणी पद्धतशीर आढावा सुरू केला की छापून यायच्या आधी तिथं नोंद करतात. तुमचाच प्रश्न कुणी सहा महिन्यांपूर्वी नोंदवला असेल तर पबमेडला त्याचा पत्ता नसतो. एखाद्या विषयावर काय काय काम झालंय याचा नुसता नकाशा काढणारे स्कोपिंग प्रकारचे आढावे मात्र प्रॉस्पेरो घेत नाही, ते बरेचदा ओएसएफ या संशोधकांच्या खुल्या संकेतस्थळावर नोंदवतात. नोंद सापडली तरी घाबरू नका, कित्येक नोंदी पुढे पूर्ण होतच नाहीत. तारीख आणि स्थिती बघा.

पूर्ण मजकूर न मिळालेले पेपर सोडू नका. लेखकाला दोन ओळींची ईमेल टाका, बरेच जण पाठवतात. नाहीतर आमच्यासारख्या कुठल्याही विद्यापीठाच्या ग्रंथालयात विचारा.

मांजराकाठ
दोन्ही तपासलं. प्रॉस्पेरोवर उष्णता आणि किडनीच्या नोंदी आहेत, पण मी वाचल्या त्यांत स्त्रियांचे निकाल वेगळे काढण्याचा उद्देश दिसला नाही. मॅडमकडे न्यायला प्रश्न असा लिहिलाय, बघा:

‘उष्णतेत शारीरिक श्रम करणाऱ्या शेतमजुरांच्या किडनीविषयक अभ्यासांत स्त्रियांचा समावेश किती आहे, त्यांचे निकाल कसे मांडले आहेत, आणि जिथे वेगळे मांडले आहेत तिथे काय आढळले?’

ऊसतोडीपुरतंच ठेवलं तर निकाल वेगळे देणारे पेपर बोटावर मोजण्याइतके उरतात. म्हणून सगळे शेतमजूर घेतले. तमिळनाडूत मिठागरातल्या कामगारांवर उष्णता आणि किडनीचं काम झालंय, त्यात स्त्रिया आहेत, पण ते शेतमजूर नाहीत. घेऊ का?

जुना_वाचक
प्रश्न चांगला बांधलाय. मॅडमना विचारून स्कोपिंग करा, कारण पहिले दोन भाग ‘किती आणि कसे’चे आहेत, ‘परिणाम केवढा’चे नाहीत. मिठागर मी घेतलं नसतं. आज मिठागर आलं की उद्या वीटभट्टी येईल आणि परवा बांधकाम.

लॅबवाली
मी घेतलं असतं. किडनीला मीठ आणि ऊस यातला फरक कळत नाही, ऊन आणि पाणी कळतं. शिवाय भारतातल्या बायांची मोजमापं मिळताहेत तर ती बाहेर ठेवून निकाराग्वाचीच वाचायची का?

जुना_वाचक
मग प्रश्नात ‘शेतमजूर’च्या जागी ‘उघड्यावर अंगमेहनत करणारे’ लिहावं लागेल, आणि शोधाची पहिली ओळ दुप्पट होईल. निकाल किती येतात ते आधी बघा. एकटीने एका सत्रात दोन-तीनशे शीर्षकं चाळून होतात, दोन हजार होत नाहीत.

बालाघाटचा
गरोदर बायांचं काय करणार? सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत तोडतेत बाया. त्यांना पण वगळलेलं असंल ना?

मांजराकाठ
हो दादा. गरोदर स्त्रिया घेतल्या नाहीत असं काही पेपरांत स्पष्ट आहे, काहींत उल्लेखच नाही. त्याचा वेगळा रकाना केला. मिठागराचा शोध आज रात्री दोन्ही तऱ्हांनी लावून निकालांचे आकडे इथं टाकते, सोमवारी मॅडमकडे जायचंय.